खाऱ्या पाण्यानेही गुण येतो तेव्हा

समजा, बावन्न वर्षांचे एक गृहस्थ आहेत. दहा वर्षांपासून मधुमेह आहे आणि गेले वर्षभर ताठरता पूर्वीसारखी येत नाही. घरात हा विषय काढता येत नाही, म्हणून ते मोबाइलवर पाहिलेल्या एका क्लिनिकमध्ये जातात. तिथे त्यांना सांगतात, 'तुमच्याच रक्तातून काढलेलं पीआरपी आहे, त्यामुळे धोका नाही. नवीन रक्तवाहिन्या तयार होतील.' सोबत शॉकवेव्हचं पॅकेज असतं आणि पैसे आगाऊ भरायचे असतात.

पीआरपीची कृती साधी आहे. हातातून रक्त घेऊन ते यंत्रात गरगर फिरवतात, म्हणजे लाल पेशी तळाशी बसतात आणि वर प्लेटलेटने दाट झालेला पिवळसर द्रव उरतो. तो बारीक सुईने लिंगात टोचतात. प्लेटलेटमध्ये ऊतींची डागडुजी करणारी प्रथिनं असतात, हे खरं आहे. पण मधुमेहाने वर्षानुवर्षं खराब झालेल्या रक्तवाहिन्या आणि नसा त्यामुळे दुरुस्त होतात का, हे माणसांवर तपासूनच ठरवावं लागतं.

ही तपासणी ग्रीसमधल्या थेसालोनिकीत झाली. 60 पुरुषांपैकी निम्म्यांना पीआरपी आणि निम्म्यांना मिठाचं पाणी महिन्याच्या अंतराने दोनदा टोचलं. कोणाला काय मिळालं, हे त्यांना माहीत नव्हतं. 2021 मध्ये निकाल छापून आला. सहा महिन्यांनी पीआरपी घेतलेल्यांपैकी सुमारे 69 टक्क्यांना जाणवण्याइतका फरक पडला होता आणि मिठाच्या पाण्याच्या गटात सुमारे 27 टक्क्यांना. क्लिनिकच्या भिंतीवर लावावा असाच हा आकडा आहे.

पण 2023 मध्ये अमेरिकेतल्या मायामी विद्यापीठाची चाचणी छापून आली. पुरुष 61, दोन सुया, मध्ये एक महिना, म्हणजे रचना जवळपास तीच. ताठरतेचं मोजमाप प्रश्नावलीवर करतात आणि तिचे जास्तीत जास्त गुण 30 असतात. पीआरपी गटाची सरासरी साधारण 17 वरून 21 वर गेली. मिठाचं पाणी घेतलेल्यांची साधारण 18.5 वरून 21.5 वर. पहिल्या महिन्यानंतर जाणवण्याइतका फरक पीआरपी गटात 58 टक्क्यांना दिसला आणि दुसऱ्या गटात 54 टक्क्यांना. म्हणजे औषधाचा वेगळा गुण दिसलाच नाही.

आता आपल्या गृहस्थांकडे परत येऊ. सुई घेऊन दोन महिने झाले आणि त्यांचे गुण 17 वरून 20 झाले. त्यांना बरं वाटतं आणि ते खोटंही बोलत नाहीत. पण तितकंच मायामीत निव्वळ मिठाच्या पाण्याने वाढलं होतं. ताठरता मनाशी फार जवळून जोडलेली असते. कोणीतरी तपासलं, उपाय सुरू झाला, भीती थोडी ओसरली, एवढ्यानेही फरक पडतो. म्हणूनच 'आमच्या इतक्या रुग्णांना गुण आला' हे वाक्य खरं असलं, तरी त्यातून पीआरपीबद्दल काहीच सिद्ध होत नाही. तुलनेला दुसरा गट नसेल, तर गुण सुईचा की आशेचा, हे कोणालाच सांगता येत नाही.

शॉकवेव्हचा पाया थोडा भक्कम आहे. 2010 मध्ये इस्रायलच्या हैफा शहरातल्या डॉक्टरांनी 20 पुरुषांवर पहिला प्रयोग केला. मूतखडा फोडणाऱ्या लहरींपेक्षा कितीतरी सौम्य लहरी त्यांनी वापरल्या. दर बैठकीला पाच जागी प्रत्येकी 300 ठोके, अशा बारा बैठका. पुढच्या काही चाचण्यांत नकली यंत्रापेक्षा थोडा जास्त गुण दिसला, तर 2017 मध्ये छापून आलेल्या डेन्मार्कच्या चाचणीत काहीच फरक दिसला नाही. युरोपीय तज्ज्ञ सौम्य, रक्तवाहिन्यांशी संबंधित तक्रारीत तिचा विचार करता येईल इतपतच म्हणतात. अमेरिकी मार्गदर्शक तत्त्वांत ती संशोधनाच्या टप्प्यावरची आहे आणि पीआरपी प्रायोगिक. शिवाय 'शॉकवेव्ह' नावाने काही ठिकाणी जे यंत्र वापरतात, त्यातून खऱ्या शॉकवेव्ह निघतच नाहीत. ते त्वचेलगत कंपनं देणारं रेडियल यंत्र असतं आणि चाचण्यांतले आकडे त्याला लावता येत नाहीत. मशीन फोकस्ड आहे की रेडियल, हे सरळ विचारावं.

मला सगळ्यात काळजी वाटते ती वाया जाणाऱ्या वेळेची. लिंगाच्या धमन्या हृदयाच्या धमन्यांपेक्षा बारीक असतात, म्हणून त्यांतला अडथळा आधी जाणवतो. ताठरतेची तक्रार कधीकधी हृदयविकाराच्या काही वर्षं आधीची खूण असते. या गृहस्थांची तीन महिन्यांची साखर, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल तपासायला हवं आणि त्यांच्या चालू गोळ्यांची यादी पाहायला हवी. सिल्डेनाफिलसारख्या गोळीचा पुरावा या दोन्ही उपचारांपेक्षा कितीतरी भक्कम आहे. फक्त छातीत दुखण्यासाठी नायट्रेट घेणाऱ्याने ती घेऊ नये, कारण रक्तदाब धोकादायक रीतीने घसरतो. हे सगळं युरोलॉजिस्टच्या पहिल्या भेटीतच विचारलं जातं. पॅकेज विकणाऱ्याने त्यांना यातलं काही विचारलं होतं का?