‘सदर इमारतीचे भोगवटादार’ म्हणजे कोण?

पावसाळा तोंडावर आला की सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फोटो हमखास येतो. महापालिकेचं परिपत्रक, टेबलावर ठेवून वरून काढलेलं, त्यावर मोबाइल धरलेल्या हाताची सावली. खाली कुणीतरी लिहितं, ‘कृपया सर्वांनी नोंद घ्यावी.’ कशाची, ते कुणी सांगत नाही. चार जण अंगठा दाखवतात आणि फोटो वर सरकून जातो.

या फोटोची साध्या मराठीत नोटीस करून बोर्डावर लावायचं काम शेवटी सेक्रेटरीकडे येतं. हे काम अवघड शब्दांना सोपे शब्द शोधण्याचं आहे असं वाटतं, पण खरी अडचण वेगळी असते. सरकारी वाक्यात कुणी काय करायचं, कधीपर्यंत आणि केलं नाही तर काय, या सगळ्याची एकच लांबलचक मोळी बांधलेली असते. ती सोडवताना एखादी काडी खाली पडली, तर नोटीस वाचायला सोपी होते आणि चुकीचीही.

तीस वर्षांवरच्या इमारतींची मजबुती तपासून घेण्याबाबतचं परिपत्रक घेऊ. मजकूर शहरागणिक थोडा बदलतो, पण घडण साधारण अशी असते:

‘उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६५अ अन्वये ज्या इमारतींच्या वापरास ३० वर्षांपेक्षा अधिक कालावधी झालेला आहे अशा इमारतींच्या मालक/भोगवटादार यांनी महानगरपालिकेकडे नोंदणीकृत संरचना अभियंत्याकडून सदर इमारतीचे संरचनात्मक परीक्षण करून घेऊन स्थैर्यता प्रमाणपत्र या कार्यालयास विहित मुदतीत सादर करणे बंधनकारक असून, त्यात कसूर केल्यास संबंधित मालक/भोगवटादार रु. २५,०००/- अथवा वार्षिक मालमत्ता कराएवढी रक्कम, यापैकी जी अधिक असेल तेवढ्या दंडास पात्र राहतील.’

पूर्णविराम एकदाच. मुंबईत हेच १८८८च्या मुंबई महापालिका कायद्याच्या कलम ३५३ब खाली येतं. राज्यातल्या बाकीच्या महापालिकांना १९४९चा कायदा लागू असल्याने तिथे २६५अ दिसतं.

लिहायला बसण्याआधी फोटो नीट वाचून घ्यावा लागतो. व्हॉट्सॲपवरून फिरून आलेला फोटो मोठा केला की अक्षरं विस्कटतात. ज्याच्याकडे कागद आला त्याच्याकडूनच नवा फोटो मागवावा, चारही कडा आत येतील असा, आणि मागची बाजूसुद्धा. मुदतीची तारीख किंवा सोबतची यादी पुष्कळदा मागच्या पानावर असते आणि फोटो पुढच्याच पानाचा निघतो. आकड्यांचा घोटाळा तर ठरलेला. इंग्रजी 9 आणि मराठी १ पुसट शिक्क्यात सारखेच दिसतात, आणि जावक क्रमांक हाताने लिहिताना एकाच ओळीत दोन्ही पद्धतीचे आकडे येतात. असा आकडा अंदाजाने नोटिशीत लिहू नये. वॉर्ड ऑफिसात जावक क्रमांक सांगून तारीख विचारली तर कळते, आणि परिपत्रक खरंच त्या कार्यालयाचं आहे की जुनंच फिरतंय, याचीही खात्री होते.

मग ‘प्रति’समोरची ओळ पाहायची. तिथे ‘सर्व मालक/भोगवटादार’ असेल तर ते सगळ्या शहराला उद्देशून आहे. आपल्या सोसायटीचं नाव आणि पत्ता असेल तर ती आपल्यावर बजावलेली नोटीस आहे, आणि प्रकरण गंभीर आहे. कारण इमारत तीस वर्षांची असो वा नसो, लेखी कारण नोंदवून आयुक्त थेट तपासणीचा आदेश देऊ शकतात, आणि त्यात दिलेली मुदत जास्तीत जास्त तीस दिवसांची असते. तीस वर्षं आणि तीस दिवस हे दोन तीस घाईत एकमेकांत मिसळतात. ‘३० दिवसांत इमारत तपासा’ असा निरोप उगाच सगळ्या ग्रुपवर फिरतो, किंवा उलट, ज्यांना खरोखर तीस दिवस मिळालेत ते ‘आपली इमारत तर अठ्ठावीस वर्षांचीच आहे’ म्हणून निवांत बसतात.

आता ही तीस वर्षं मोजायची कुठून? परिपत्रकात ‘वापरास’ एवढा एकच शब्द असतो. कायद्यात तीन तारखा आहेत: बांधकाम पूर्णत्वाचा दाखला मिळाल्याची, भोगवटा परवानगी मिळाल्याची, किंवा इमारतीच्या निम्म्या बांधीव क्षेत्रात लोक प्रत्यक्ष राहू लागल्याची. यांपैकी जी सर्वांत आधीची, ती धरायची. तीस वर्षं भरल्यापासून एका वर्षात प्रमाणपत्र द्यायचं आणि पुढे दर दहा वर्षांनी. इमारतीची अवस्था बघून पालिका त्याआधीही मागू शकते.

एक नमुना इमारत घेऊ. बत्तीस फ्लॅट, भोगवटा प्रमाणपत्र मार्च १९९७चं. समितीचा हिशेब सोपा: मार्च २०२७मध्ये तीस वर्षं भरतील, पुढे एक वर्ष, म्हणजे घाई नाही. पण जुने सभासद सांगतात की १९९४च्या दिवाळीपर्यंत वीस कुटुंबं राहायला आली होती. ओसी नंतर सावकाश आली. त्या काळी असं सर्रास व्हायचं. सगळे फ्लॅट साधारण सारखे असतील तर वीस म्हणजे निम्म्याहून जास्त. तर तीस वर्षं २०२४च्या दिवाळीला भरली आणि प्रमाणपत्राची मुदत २०२५च्या दिवाळीला संपली. जुनी वीजबिलं किंवा घरपट्टीच्या पावत्या काढून बघितलं की तारीख नक्की करता येते. नोटिशीत ‘३० वर्षे जुन्या इमारतींसाठी’ एवढंच लिहिलं असतं, तर या बत्तीस घरांनी ती दुसऱ्या कुणासाठी आहे असं समजून सोडून दिली असती.

दंडाच्या ओळीतही अशीच गळती होते. ‘रु. २५,००० अथवा वार्षिक मालमत्ता कराएवढी रक्कम, यापैकी जी अधिक’ याचं बोर्डावर येईपर्यंत ‘२५ हजार दंड’ होतं. बत्तिसांत वाटलं तर डोई आठशेही पडत नाहीत. तपासणीचा खर्च त्याहून मोठा, मग भरू दंड, असं म्हणणारा एखादा सभासद सभेत निघतोच. पण दर फ्लॅटचा वर्षाचा कर साडेचार हजार धरला तर इमारतीचा कर होतो एक लाख चव्वेचाळीस हजार. ‘जी अधिक’ हे दोन शब्द टिकले की तो हिशेब सरळ बदलतो.

आणि हा ‘भोगवटादार’ कोण? जो जागेत राहतो किंवा जागा वापरतो तो, मग मालक असो की भाडेकरू. पण परिपत्रकातली ओळ जशीच्या तशी उतरवली की प्रत्येक घर समजतं, इंजिनिअर आपण आणायचा. किंवा, हे जास्त वेळा, प्रत्येक घर समजतं की दुसऱ्या कुणीतरी आणायचाय. तपासणी अख्ख्या इमारतीची असते, सोसायटीने करायची असते. सभासदाचं काम एकच: इंजिनिअर आला की दार उघडायचं आणि स्लॅब, बीम, कॉलम बघू द्यायचे. पीओपीच्या छतामागे किंवा फर्निचरमागे तडा, गळती, उघडी पडलेली सळई असेल तर ती लपवायची नाही. म्हणून साध्या मराठीत लिहिताना ‘मालक/भोगवटादार’ यांचे तीन भाग करावे लागतात. बोर्डावरचा मजकूर साधारण असा होईल:

‘आपली इमारत तीस वर्षांहून जुनी आहे (राहायला सुरुवात : दिवाळी १९९४). अशा इमारतीची मजबुती पालिकेकडे नोंद असलेल्या स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासून घेऊन तसं प्रमाणपत्र पालिकेला द्यावं लागतं. आपली मुदत उलटून गेली आहे. समिती इंजिनिअर नेमेल. कोटेशन येत्या रविवारच्या सभेत ठेवली जातील. सभासदांनी ठरलेल्या दिवशी घरात कुणीतरी असेल असं पाहावं. ज्यांची घरं भाड्याने आहेत त्यांनी भाडेकरूंना आजच कळवावं. प्रमाणपत्र दिलं नाही तर २५,००० रुपये किंवा वर्षाचा मालमत्ता कर, यांतली जी रक्कम मोठी असेल तेवढा दंड होऊ शकतो. हे पत्र घर रिकामं करण्याबद्दलचं नाही. मूळ परिपत्रक खाली लावलं आहे. अर्थात फरक वाटला तर मूळच खरं धरावं.’

घर रिकामं करण्याबद्दलचं वाक्य मूळ परिपत्रकात नाही, पण ते घातल्यावाचून चालत नाही. पुष्कळ परिपत्रकांच्या शेवटी धोकादायक इमारतींबद्दलच्या कलम २६४ आणि इमारत खाली करायला लावणाऱ्या कलम २६८चा उल्लेख असतो. तेवढंच वाचून म्हातारी माणसं रात्रभर जागतात. तपासणी करा आणि घर सोडा हे दोन वेगळे हुकूम आहेत. नोटिशीने ते वेगळे ठेवायचे. मात्र ती शेवटची ओळ गाळायची नाही. ती मूळ कागदावर सगळ्यांना दिसतेच, आणि बोर्डावर नसेल तर समिती काहीतरी दडवतेय असा बोभाटा होतो.

‘नोंदणीकृत’ हा शब्दही सहज निसटतो. कुणाचा तरी मेहुणा सिव्हिल इंजिनिअर असतो आणि तो कमी पैशांत बघून देणार असतो. त्याचं नाव पालिकेच्या यादीत नसेल तर त्याच्या कागदाचा इथे उपयोग नाही. यादी शहर अभियंता किंवा नगररचना विभागात मिळते.

आणखी एक गल्लत सोसायटीतल्या जाणकारांकडूनच होते. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत तपासणीचं वेगळं वेळापत्रक आहे: पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीची पाच वर्षांतून एकदा, त्यावरच्या इमारतीची तीन वर्षांतून एकदा. ते सोसायटीच्या कारभारासाठी आहे. पालिकेच्या कायद्यातली दहा वर्षं वेगळी. दोन्ही पाळायचे, पण एका नोटिशीत कालवायचे नाहीत. नाहीतर दर तीन वर्षांनी पालिकेला प्रमाणपत्र द्यायचंय असा समज होतो आणि मग दहा वर्षांनी खरोखर द्यायची वेळ येते तेव्हा ‘मागेच दिलंय की’ म्हणून विषय मिटतो.

अहवाल आला की दुसरी नोटीस लिहावी लागते, आणि तीही मराठीत आणावी लागते. इमारत चारपैकी एका वर्गात टाकलेली असते. सी-१ म्हणजे राहण्यास धोकादायक, ताबडतोब रिकामी करून पाडण्याजोगी. सी-२अ म्हणजे इमारत रिकामी करून मोठी दुरुस्ती. सी-२ब म्हणजे लोक राहत असतानाच करता येणारी सांगाड्याची दुरुस्ती. सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती. बोर्डावर नुसतं ‘आपली इमारत सी-२ मध्ये आली’ असं लावलं तर वाचणाऱ्याला काय कळणार? अ की ब, यावर महिनाभर बाहेर भाड्याने जागा शोधायची की फक्त गॅलरीतल्या कुंड्या हलवायच्या, हे ठरतं. इंजिनिअरने दुरुस्ती सुचवली असेल तर अहवालाच्या तारखेपासून सहा महिन्यांत ती करायची असते. म्हणून या दुसऱ्या नोटिशीत अहवालाची तारीख आणि त्यापुढे सहा महिन्यांनी येणारी तारीख, दोन्ही आकड्यांत लिहावीत. पालिकेत प्रमाणपत्र दिल्याची आवक-शिक्क्याची प्रत शेजारीच लावावी, मागच्या बाजूसकट.