ढोलाखाली दबलेलं वाक्य

वाशिम शहरातली गणेश विसर्जनाची मिरवणूक आहे, अशी कल्पना करा. पुढे ढोल-ताशा, मागे डीजेची गाडी. मोबाईल धरणाऱ्याच्या अगदी शेजारी उभे असलेले आजोबा नातवाला काहीतरी सांगत आहेत. वर्षभराने घरच्यांना तेच वाक्य ऐकायचं असतं. व्हिडिओत ओठ हलताना दिसतात, पण कानावर येतो फक्त दणका. आवाज वाढवला की दणकाही तेवढाच वाढतो.

तरीही आजोबांचं वाक्य त्या फाईलमध्ये बहुतेक वेळा शाबूत असतं. डीजेच्या सबवूफरचा दणका साधारण ४० ते १०० हर्ट्झमध्ये असतो आणि ढोलाच्या घुमाऱ्याचा मोठा भागही १५० हर्ट्झच्या आतच मावतो. बोललेले शब्द ओळखायला लागणारी माहिती मात्र मुख्यतः ५०० ते ४००० हर्ट्झच्या पट्ट्यात असते. दोन्ही आवाज इतके वेगळ्या जागी असतील, तर एकामुळे दुसरा ऐकू का येत नाही?

याचं उत्तर आपल्या कानात आहे. आतल्या कानात गोगलगाईच्या शंखासारखी वळलेली, उलगडली तर जेमतेम साडेतीन सेंटिमीटर भरेल अशी एक नळी असते. तिच्यातल्या पडद्याची सुरुवातीची बाजू उंच स्वरांना हलते आणि शेवटचं टोक खर्जाला. पडद्यावरून लाट कशी सरकते, हे गेऑर्ग फॉन बेकेशी यांनी प्रत्यक्ष पाहिलं आणि त्यासाठी त्यांना १९६१ चं नोबेल मिळालं. आता गंमत बघा. खर्जाच्या लाटेला शेवटच्या टोकापर्यंत पोचायचं, तर वाटेतला उंच स्वरांचा सगळा भाग हलवूनच पुढे जावं लागतं. ढोल जोरात वाजला की ज्या भागाने आजोबांचे ‘त’ आणि ‘च’ टिपायचे, तोही हादरतो. उलट उंच स्वराची लाट वाटेतच विरते आणि खर्जाच्या जागेपर्यंत जातच नाही. वेगेल आणि लेन या दोन संशोधकांनी १९२४ मध्ये हा एकतर्फी कारभार मोजून दाखवला होता: मोठा खर्ज उंच स्वराला सहज झाकतो, उंच स्वर खर्जाला फारसा झाकत नाही.

म्हणून इथे आजोबांच्या शब्दांच्या पट्ट्याला हातही लावायचा नाही. फक्त खालचा खर्ज काढायचा, म्हणजे ऐकणाऱ्याचा कान मोकळा होतो.

काम सुरू करताना मूळ फाईल हवी. व्हॉट्सअॅपवरून व्हिडिओ म्हणून फिरलेली प्रत पुन्हा दाबलेली असते आणि त्यात बारीक व्यंजनं आधी मरतात. मोबाईलमधली मूळ फाईल `Document` म्हणून मागवावी. मग ऑडॅसिटी या मोफत प्रोग्रामला एफएफएमपेगची लायब्ररी जोडून त्यात ती उघडावी आणि हेडफोन लावावा. मोबाईलच्या इवल्या स्पीकरवर खर्ज नीट येतच नाही, त्यामुळे काय काढलं आणि काय राहिलं हे त्यावर कळत नाही.

`High-Pass Filter` मध्ये `Frequency` २०० आणि `Roll-off` २४ डेसिबल निवडा. याचा अर्थ असा की २०० हर्ट्झच्या खाली कंपनसंख्या निम्मी होईल तसतसा आवाज आणखी २४ डेसिबलने उतरतो. १०० हर्ट्झच्या लाटेची उंची सोळाव्या हिश्श्यावर येते आणि ५० हर्ट्झच्या दणक्याची सुमारे अडीचशेव्या हिश्श्यावर. संगणकावर एफएफएमपेगचा प्रोग्रामही असेल, तर चित्राला धक्का न लावता हेच एका ओळीत होतं:

```
ffmpeg -i visarjan.mp4 -c:v copy -af "highpass=f=200,highpass=f=200" saf.mp4
```

एक चाळणी १२ डेसिबलची, म्हणून ती दोनदा लावली आहे.

पण पुरुषाच्या स्वरयंत्राचा मूळ स्वर ८५ ते १८० हर्ट्झच्या आसपास असतो. तोही या चाळणीत गेला की! मग आजोबांचा आवाज चिरका का होत नाही? जुन्या टेलिफोनवरून ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढंच जायचं, तरी वडिलांचा भारदस्त आवाज भारदस्तच वाटायचा. १२० हर्ट्झच्या आवाजात २४०, ३६०, ४८० असे वरचे स्वरही मिसळलेले असतात. त्यांच्यातलं सारखं अंतर पाहून मेंदू गाळलेला मूळ स्वर स्वतःच भरून काढतो. मला यातली सर्वात विलक्षण गोष्ट हीच वाटते.

वाशिम जिल्ह्यातल्या पोहरादेवीच्या रामनवमी यात्रेतल्या नगाऱ्यालाही हीच रीत लागू पडते. घुमारा लांब रेंगाळत असेल, तर २०० वरून २५०, मग ३०० असं चढत जावं. मात्र ३०० च्या पुढे स्वर पोकळ होऊ लागतात आणि हाती फारसं लागत नाही.

ताशा आणि डफडं यांचं काय? त्यांचा कडकडाट शब्दांच्याच पट्ट्यात पसरलेला असतो, म्हणून चाळणी तिथे हतबल आहे. मग वेळेचा आधार घ्यायचा. सेकंदाला दोन ठोके पडत असतील तर दोन ठोक्यांत अर्धा सेकंद मिळतो आणि तेवढ्यात बोलणारा साधारण तीन अक्षरं उच्चारतो. एक ठोक्याखाली जातं, दोन मोकळी राहतात. ऑडॅसिटीच्या `Envelope Tool` ने ठोक्याची टोकं खाली ओढावी आणि मधली जागा वर उचलावी. मोबाईल स्वतःही मोठ्या ठोक्यानंतर क्षणभर आवाज कमी करतो, त्यामुळे ठोक्यामागचं अक्षर हमखास दबलेलं असतं. तेही याच साधनाने हाताने वर आणावं लागतं. काम चिकाटीचं आहे, पण वाक्य दहा सेकंदांचं असेल तर होण्याजोगं आहे.

`Noise Reduction` चा मोह इथे टाळावा. ते जनरेटरच्या एकसुरी घरघरीसाठी आहे. दर क्षणी बदलणाऱ्या ढोलावर ते चालवलं की माणसं पाण्याखालून बोलल्यासारखी ऐकू येतात.

दोन बाबतींत मात्र काहीच उपाय उरत नाही. एक म्हणजे, डीजेच्या भिंतीशेजारी मोबाईलचा माईक आपल्या मर्यादेपलीकडे गेला, तर लाटेचे माथे सपाट कापले जातात. `View` मधलं `Show Clipping in Waveform` लावलं की लाटेत लाल रेघा दिसतात. आधी कापून मग आवाज उतरवलेला असेल, तर त्या रेघा दिसत नाहीत, पण लाट मोठी करून पाहिल्यावर सपाट माथे दिसतातच. अशा कापण्यातून खर्जाचे तुकडे उंच स्वर होऊन शब्दांच्या पट्ट्यात पसरतात आणि खालून कितीही गाळलं तरी ते जात नाहीत. दुसरं म्हणजे, स्पीकरवर गाणं चालू असेल तर त्यातला गायकही माणूसच. चाळणीला तो आणि आजोबा वेगळे करता येत नाहीत.

शेवटी ऐकण्याची परीक्षा घ्यायची. वाक्य काय असावं हे आधी सांगितलं तर कान तेच ऐकतो. म्हणून दोघांना वेगवेगळं बसवून, काहीही न सांगता ऐकवावं आणि ऐकलेलं लिहून घ्यावं. जुळलेले शब्द ठेवावेत. ताशाचा ठोका नेमका पहिल्या व्यंजनावर पडला असेल, तर एकजण ‘ताट’ लिहील आणि दुसरा ‘पाट’. तिथे कोणाचंच खरं न मानता कागदावर फक्त ‘-ाट’ लिहावं.