ॲझाथायोप्रिन सुरू करण्यापूर्वी

नाशिकची एक तिशीची शिक्षिका डोळ्यांसमोर आणू. वजन 50 किलो. गेल्या वर्षी तिला अल्सरेटिव्ह कोलायटिस म्हणजे मोठ्या आतड्याच्या अस्तराला सूज आणि जखमा असल्याचं निदान झालं. मेसालामाइनच्या गोळ्यांवर वर्ष बरं गेलं. मग एका पावसाळ्यात दिवसाला आठ-दहा जुलाब, सोबत रक्त, आणि रात्री झोपेतून उठून धावावं लागायचं. डॉक्टरांनी रोज 40 मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन दिलं. दोन आठवडे तोच डोस, पुढे दर आठवड्याला 5 मिलिग्रॅमने कमी. आठवड्याभरात रक्त थांबलं, तिला भूकही लागू लागली.

स्टेरॉइडचा गुण इतक्या लवकर दिसतो, म्हणूनच ते सोडवत नाही. पण त्याने आजार फक्त दबतो. वर्षानुवर्षं घेतलं तर साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, मोतीबिंदू लवकर येतो. एकदम बंद करणंही धोक्याचं, कारण तोवर शरीराने स्वतःचं स्टेरॉइड बनवणं जवळपास थांबवलेलं असतं. म्हणून डोस उतरत असतानाच ॲझाथायोप्रिन सुरू करतात. त्याचा पूर्ण परिणाम दिसायला दोन-तीन महिने लागतात. तोपर्यंत खिंड स्टेरॉइडच लढवतं.

पहिली गोळी घेण्यापूर्वी काही गोष्टी उरकाव्या लागतात, आणि घाईत नेमक्या त्याच राहून जातात. छातीचा एक्स-रे आणि क्षयाची तपासणी त्यांत पहिली. आपल्याकडे अनेकांच्या शरीरात क्षयाचे जंतू निद्रिस्त असतात आणि प्रतिकारशक्ती दबली की ते डोकं वर काढू शकतात. मॅन्टू किंवा इग्रा चाचणी शक्य तितकी स्टेरॉइडआधी करावी, कारण मोठ्या डोसवर ती खोटी निगेटिव्ह येऊ शकते. दुसरी गोष्ट ब प्रकारच्या काविळीची. नुसतं एचबीएसएजी पुरत नाही, अँटी-एचबीसीही बघावं लागतं. जुना विषाणू यकृतात लपलेला असेल तर उपचारांमुळे तो उसळू शकतो, आणि तशा रुग्णाला आधीपासून विषाणूविरोधी गोळी द्यावी लागू शकते. शेतात अनवाणी वावरणाऱ्या माणसाच्या पोटात स्ट्राँगिलॉइडिस नावाचा बारीक जंत असू शकतो. स्टेरॉइड दिल्यावर तो अंगभर पसरून जिवावर उठल्याची उदाहरणं आहेत, म्हणून अशा भागातल्या रुग्णाची त्यासाठीही तपासणी करतात.

लसींचं वेळापत्रक मात्र उपचारांच्या घाईशी जुळत नाही. गोवर-गालगुंड-रुबेला, कांजण्या आणि पीतज्वराच्या लसींत जिवंत पण दुबळा केलेला जंतू असतो. प्रतिकारशक्ती दाबलेल्या माणसाला त्याचाच संसर्ग होऊ शकतो, म्हणून अशी लस औषध सुरू होण्याच्या किमान चार आठवडे आधी घ्यायची असते. कांजण्यांच्या दोन मात्रा, त्यांच्यात किमान महिन्याचं अंतर, आणि पुढे हे चार आठवडे असे दोन महिने लागतात. दिवसाला दहा वेळा रक्ताचे जुलाब होणाऱ्या बाईला तोवर थांबवता येत नाही. माझ्या मते या लसींची खरी वेळ निदानाच्या पहिल्या महिन्यातली, माणूस नुसत्या मेसालामाइनवर असतानाची. त्या वर्षभरात कुणी तिला 'लहानपणी कांजण्या झाल्या होत्या का?' एवढंच विचारलं असतं, तरी काम झालं असतं.

मृत जंतूंच्या किंवा त्यांच्या तुकड्यांपासून बनवलेल्या लसी उपचार चालू असतानाही देता येतात. दरवर्षी फ्लूची, न्यूमोनियासाठी न्यूमोकोकसची, ब काविळीची, तरुण वयात एचपीव्हीची, आणि आता नागिणीची नवी लसही. प्रतिसाद थोडा कमी मिळतो, एवढंच. म्हणून ब काविळीच्या तीन मात्रा झाल्या की महिना-दोन महिन्यांनी प्रतिपिंडं तयार झाली का, ते बघतात.

आता गोळीकडे. ॲझाथायोप्रिनचा पूर्ण डोस साधारण किलोमागे 2 ते 2.5 मिलिग्रॅम, म्हणजे तिच्यासाठी 100 मिलिग्रॅमच्या आसपास. सुरुवात 50 ने झाली. पांढऱ्या पेशींची वाढ मंदावणं हा या औषधाचा गुणही आणि धोकाही. शरीरातली काही विकरं औषधाचा निचरा करतात. त्यांतलं टीपीएमटी पाश्चात्त्यांत जास्त महत्त्वाचं. भारतीय आणि इतर आशियाई लोकांत मात्र एनयूडीटी15 या जनुकातला बदल जास्त घात करतो. आईवडील दोघांकडून तो आला असेल, तर नेहमीच्या डोसवरही काही आठवड्यांत पांढऱ्या पेशी कोसळतात आणि केस मुठीमुठीने गळतात. मोठ्या शहरांतल्या लॅबमध्ये ही जनुकचाचणी होते. ती नॉर्मल आली तरी साधी सीबीसी चुकवायची नाही, कारण पेशी इतर कारणांनीही घटतात.

तिचा डोस दोन आठवड्यांनी 100 वर नेला. पहिले दोन महिने दर दोन आठवड्यांनी सीबीसी आणि यकृताची तपासणी ठरली होती. सुरुवातीला पांढऱ्या पेशी 11,400 होत्या. स्टेरॉइडने हा आकडा मुळातच फुगतो. दोन आठवड्यांनी 9,800, चार आठवड्यांनी 4,900. लॅबच्या कागदावर 4,900 नॉर्मलच दिसतं, कुठेही लाल खूण नाही. पण महिन्याभरात आकडा निम्म्याहून खाली आला होता. सहाव्या आठवड्यात तो 2,600 झाला, आणि जंतूंशी प्रत्यक्ष लढणाऱ्या न्यूट्रोफिल पेशी फक्त 1,100 उरल्या. जुलाब तर थांबले होते, तिला एकदम बरं वाटत होतं. बरं वाटतंय म्हणून तपासणी पुढे ढकलणारे बहुतेक इथेच फसतात. गोळी लगेच थांबवली, आठवड्याने पुन्हा रक्त तपासलं, आकडा वर चढल्यावर 25 मिलिग्रॅमने नव्याने सुरुवात केली आणि जनुकचाचणीला नमुना पाठवला. पुढे सगळं स्थिरावलं की दर तीन महिन्यांनी एक तपासणी, तीही औषध चालू असेपर्यंत. वर्षानंतरही पेशी घसरू शकतात.

रिपोर्टमध्ये एमसीव्ही हा लाल पेशींच्या आकाराचा आकडा 84 वरून 96 वर गेलेला दिसला, तर घाबरू नये. तो बहुधा या औषधाचाच परिणाम असतो, आणि रुग्ण गोळ्या नियमित घेतो की नाही, हेही डॉक्टरांना त्यावरून कळतं.

पहिल्या महिन्यात पोटात वर जोराचं दुखून पाठीपर्यंत कळ गेली आणि उलट्या होऊ लागल्या, तर ती स्वादुपिंडाची सूज असू शकते. ती याच औषधाने आली असेल तर गोळी कायमची बंद. युरिक ॲसिडसाठी घरात कुणाला चालू असलेली ॲलोप्युरिनॉल किंवा फेबुक्सोस्टॅट या गोळीसोबत परस्पर घेऊ नये. दोन्हींमुळे ॲझाथायोप्रिनचा निचरा अडतो आणि नेहमीच्याच डोसने रक्तपेशी कोसळतात.

100.4 फॅरनहाइटच्या वर ताप, घसा धरणं किंवा तोंडात फोड आले, तर ते अंगावर काढायचं नाही. त्याच दिवशी डॉक्टरांना कळवून सीबीसी करायची. मोठ्या डोसचं स्टेरॉइड चालू असताना तर ताप दबलेलाच असतो, म्हणून नुसती कणकण आणि गळाठा आला तरी तेच करायचं. वर्गात एखाद्या मुलाला कांजण्या निघाल्या आणि तिला त्या पूर्वी झालेल्या नसतील, लसही घेतलेली नसेल, तर फोड येण्याची वाट न पाहता डॉक्टरांना गाठायचं.

तिच्या दीड वर्षांच्या मुलाला गोवर-रुबेलाचं इंजेक्शन द्यायचं का, हा प्रश्न तिच्या सासूबाईंनी विचारला. द्यायचं. त्या लसीतला विषाणू मुलाकडून आईला लागत नाही, आणि मुलाला गोवर झाला तर मात्र तो आईपर्यंत पोहोचणारच. कांजण्यांच्या लसीनंतर बाळाच्या अंगावर पुरळ आलं, तर ते जाईपर्यंत त्याची आंघोळ आणि कपडे आजीने बघायचे.