दाल मिल एकच, ताळेबंद दोन

हिवरा आश्रम आणि आसपासच्या गावांतल्या गटांच्या वह्या पाहताना आम्हाला एक प्रश्न नेहमी विचारला जातो: “ताई, वहीत मशीन एक लाख अडुसष्ट हजाराची दिसते, पण विकायला काढली तर कोणी नव्वद हजारही देईना. मग वही खोटी का?” वही खोटी नसते. ती एक गोष्ट धरून लिहिलेली असते, की धंदा पुढेही चालणार आहे. हिशोबाच्या भाषेत याला ‘गोइंग कन्सर्न’ म्हणतात.

एक उदाहरण घेऊ. समजा एका गटाने तीन वर्षांपूर्वी २,४०,००० रुपयांची छोटी दाल मिल घेतली. ती दहा वर्षे चालेल असे धरून दरवर्षी २४,००० रुपये घसारा लावला. आज वहीत ती १,६८,००० ला आहे. बाजारात तिला आज काय मिळेल हे आपण बघत नाही, कारण ती विकायची नाही, तिच्यावर तूर भरडायची आहे. तूर, डाळ आणि गटाचे नाव छापलेल्या पिशव्या मिळून ६०,००० चा माल आहे. उधारी यायची २०,०००, रोख १२,०००. एकूण २,६०,०००. देणे बघा: बँकेचे कर्ज १,५०,०००, उधार तूर देणाऱ्या शेतकरी बायांचे ३०,०००. उरलेले ८०,००० म्हणजे सभासदांचे भांडवल.

आता समजा मिल बंद करायचे ठरले. त्याच दिवशी, त्याच वस्तूंचा हिशोब असा होतो. मशीन ९०,००० ला जाईल, खोलणे आणि वाहतूक ५,०००, म्हणून हाती ८५,०००. माल घाईने विकला तर ४५,०००, कारण नाव छापलेल्या पिशव्या कोण घेणार? उधारीतले १५,००० मिळण्यासारखे आहेत. रोख १२,०००. एकूण १,५७,०००. देणे मात्र वाढते. कर्जाचे यंदा फक्त ३०,००० फेडायचे होते. धंदा बंद झाला की बँक सगळे १,५०,००० एकदम मागू शकते. शेतकरी बायांचे ३०,००० आहेतच. शिवाय शेडचे तीन महिन्यांचे भाडे ६,०००. एकूण देणे १,८६,०००. म्हणजे भांडवल ८०,००० तर गेलेच, वर २९,००० कमी पडले. ते कोण भरणार, हे कर्जाच्या करारात आणि हमीपत्रात काय लिहिले त्यावर ठरते. म्हणून सही करण्याआधी हमीपत्र वाचून घ्या.

पण या दोन टोकांच्या मध्ये एक जागा आहे, आणि बहुतेक गट तिथेच अडकतात. धंदा अडचणीत आहे, तरी मार्ग शिल्लक आहे. अशा वेळी आकडे चालू धंद्याचेच राहतात, पण ताळेबंदाखाली टीप लिहावी लागते: काय अडचण आहे, त्यावर काय करणार आहोत, आणि धंदा चालेल की नाही याची मोठी शंका आहे. बंद करायचे ठरले, किंवा बंद करण्यावाचून दुसरा मार्गच उरला नाही, तेव्हाच आकडे बदलायचे. घाबरून आधीच बदलले तर चालू शकणारा धंदाही बँकेच्या नजरेत मेलेला ठरतो.

मोठ्या कंपन्यांनाही हाच नियम आहे. मुंबईच्या जेट एअरवेजने ऑगस्ट २०१८ मध्ये तिमाही निकाल जाहीर केले तेव्हा हिशोब चालू धंद्याचाच होता, पण कंपनी पुढे चालण्याबद्दलची शंका लेखापरीक्षकांनी लिहून दाखवली. १७ एप्रिल २०१९ ला त्यांची विमाने थांबली. पुढे पुन्हा उभी करण्याचे प्रयत्न झाले, पण ७ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने कंपनी मोडीत काढण्याचा आदेश दिला. टीप आली म्हणजे बंद झालीच असे नाही, पण वाचणाऱ्याला सावध व्हायला वेळ मिळाला.

आपल्या गटात शंका कधी घ्यायची? पुढचे बारा महिने डोळ्यांसमोर आणा. दर महिन्याला येणारी रोख आणि जाणारा हप्ता, वीजबिल, मजुरी एका कागदावर समोरासमोर लिहा. हप्ता भरायला दुसरे कर्ज काढावे लागते, बचतीच्या पैशातून मजुरी दिली जाते, तुरीचे पैसे पुढच्या हंगामावर ढकलले जातात, ही खूण आहे. एक महिना तोटा झाला तर ती नव्हे. सुगीआधी तूर नसते, मिल थांबतेच.

खूण दिसली की सभेत मांडा, ठराव लिहा आणि टीप ताळेबंदात घाला. ती झाकली तर फसते कोण? ज्या बाईने गटाच्या वहीवर विश्वास ठेवून पुढची तीन पोती तूर उधार घातली, ती.