दोन तारा की एक? उपकेंद्राच्या छायाचित्रातली उपकरणे

विजेच्या उपकेंद्राच्या कोणत्याही छायाचित्रात एकच आकार पुन्हा पुन्हा दिसतो: तपकिरी किंवा राखाडी रंगाचा, कडेला चकत्यांसारख्या झालरी असलेला उभा खांब. नवख्या नजरेला ही सगळी एकाच उपकरणाची रांग वाटते. प्रत्यक्षात या खांबांपैकी एक वीज मोजतो, दुसरा दाब मोजतो, तिसरा आकाशातल्या विजेची वाट पाहत उभा असतो आणि चौथा नुसता तार तोलून धरतो. झालरीचा खांब हा उपकरणाचा अंगरखा असतो, उपकरण नव्हे. म्हणून ओळख पटवायची तर खांबाच्या आकारावर न जाता त्याला तारा किती आणि कुठे जोडल्या आहेत ते पाहावे लागते.

झालरी कशासाठी, हे आधी कळले की गोंधळ बराच कमी होतो. चिनी माती कोरडी असताना वीज अडवते, पण तिच्या पृष्ठभागावर धूळ बसून ती ओली झाली की त्या ओल्या थरातून वीज जमिनीकडे सरकू लागते. झालरींमुळे ही वाट लांबते आणि प्रत्येक झालरीखालचा भाग पावसातही बराचसा कोरडा राहतो. प्रदूषित हवेच्या ठिकाणी एका किलोव्होल्टला सुमारे २५ मिलिमीटर वाट धरतात. १३२ केव्हीच्या उपकरणाला जास्तीत जास्त १४५ केव्ही दाब सोसायचा असल्याने ही वाट साडेतीन मीटरच्या वर जाते. ती दीड मीटरच्या आसपास उंचीच्या खांबावर बसवायची तर पृष्ठभागाला घड्या घालण्यावाचून गत्यंतर नसते.

छायाचित्रातला दाब ओळखायची जागा मात्र उपकेंद्राच्या बाहेर, मनोऱ्यावर असते. तिथे तार चकत्यांच्या माळेला टांगलेली असते. नेहमीच्या वापरातली चकती सुमारे २५ सेंटीमीटर व्यासाची आणि साडेचौदा सेंटीमीटर उंचीची. ३३ केव्हीला साधारण तीन चकत्या, १३२ ला नऊ-दहा, २२० ला तेरा-चौदा आणि ४०० केव्हीला तेवीसच्या आसपास. किनाऱ्यालगतच्या खाऱ्या हवेत किंवा कारखान्यांच्या धुरात एक-दोन जास्त लावतात. तार ओढून धरणाऱ्या आडव्या माळेतही बहुधा एखादी जास्तच असते. त्यामुळे मोजणीतून दाबाचा गट कळतो, नेमका आकडा नव्हे. मुंबई-कल्याण पट्ट्यात जुन्या १०० आणि ११० केव्हीच्या लाइनी आहेत. त्या चकत्या मोजून १३२ पासून वेगळ्या काढणे अवघडच. अशा वेळी मनोऱ्यावरची कवटीचे चित्र असलेली धोक्याची पाटी वाचता आली तर वाद मिटतो. तारांची संख्याही मदत करते. ४०० केव्हीला प्रत्येक फेजसाठी एकाऐवजी दोन किंवा चार तारांची जुडी असते.

आता एक नेहमीचे दृश्य घेऊ: १३२/३३ केव्ही उपकेंद्र, कुंपणाबाहेरून टिपलेले. डावीकडून लाइन येते आणि लोखंडी कमानीला आडव्या माळांनी बांधली जाते. माळेत दहा चकत्या दिसतात. इथून उजवीकडे प्रत्येक उपकरण तीन-तीनच्या संचात उभे आहे, कारण फेज तीन. म्हणजे छायाचित्रात पंधरा-अठरा खांब दिसले तरी ओळखायच्या वस्तू पाच-सहाच असतात.

कमानीखाली पहिला खांब सडपातळ आहे. वरच्या टोकाला एक तार येऊन मिळते आणि तिथेच थांबते. बुडाशी तो थेट लोखंडावर नसून छोट्या रोधकांवर बसवलेला आहे. तिथून एक तार किंवा पट्टी घड्याळासारख्या लहान डबीतून जमिनीत जाते. हा लाइटनिंग अरेस्टर, मराठीत तडितरोधक. एरवी तो वीज अडवतो, पण आकाशातल्या विजेमुळे तारेवर दाबाची लाट आली की तेवढ्यापुरता वाट मोकळी करून ती जमिनीत सोडतो. डबीत अशा लाटांची मोजणी होते. तारेवरून आलेली लाट पुढच्या महाग उपकरणांपर्यंत जाण्याआधी अडावी, म्हणून तो लाइनीच्या तोंडाशीच असतो.

त्याच्या शेजारचा खांब जाडसर असून एका चौकोनी लोखंडी पेटीवर उभा आहे. त्यालाही वर एकच तार. ही सीव्हीटी. वरच्या खांबातल्या कपॅसिटरच्या साखळीने दाब विभागला जातो आणि पेटीतला छोटा ट्रान्सफॉर्मर तो मीटरला झेपेल इतका खाली आणतो. अरेस्टर आणि सीव्हीटी यांची गफलत सर्वांत जास्त होते, कारण तारेचा हिशेब दोघांचाही सारखाच. निकाल बुडाशी लागतो: पेटी असेल तर सीव्हीटी, रोधक बैठक आणि मोजणीची डबी असेल तर अरेस्टर. जुन्या उपकेंद्रात जवळच पिंपाएवढे गोल वेटोळे टांगलेले किंवा खांबावर ठेवलेले दिसते. त्याला बरेच जण ट्रान्सफॉर्मर समजतात, पण तो वेव्हट्रॅप असतो. एका उपकेंद्रातून दुसऱ्याशी याच तारांवरून संदेश पाठवले जातात, ते उपकेंद्राच्या आत निसटू नयेत म्हणून तो लावतात. ऑप्टिकल फायबर आल्यापासून नव्या उपकेंद्रांत तो कमी होत चालला आहे.

पुढे सगळ्यांत सोपी ओळख. दोन किंवा तीन खांबांवर आडवी धातूची दांडी टेकलेली आहे आणि खांबाच्या बुडापासून एक नळी खाली हँडलपर्यंत आली आहे. हा आयसोलेटर. नावातल्या साम्यामुळे इन्सुलेटर आणि आयसोलेटर यांची सरमिसळ बोलण्यात होते, छायाचित्रात व्हायचे कारण नाही. इन्सुलेटर हलत नाही, तर आयसोलेटर म्हणजे हलणारी दांडीच. दोन खांबांच्या प्रकारात दोन्ही खांब फिरतात आणि दांडी मधोमध उघडते. तीन खांबांच्या प्रकारात मधला फिरतो आणि दांडी दोन्ही टोकांना सुटते. लाइनीकडच्या आयसोलेटरला खाली आणखी एक हात असतो. लाइन बंद करून काम करताना तो वर उचलून तार जमिनीला जोडतात. तो अर्थ स्विच.

एकूण दृश्यात आयसोलेटर हेच असे उपकरण की जे चालू आहे की बंद ते छायाचित्रावरून सहज सांगता येते. हवेतली फट दिसावी, काम करणाऱ्याला डोळ्यांनी खात्री करता यावी, यासाठीच तो असतो. वाहता प्रवाह तोडण्याची ताकद त्याच्यात नाही. भार चालू असताना तो उघडला तर दांडीच्या टोकाशी ठिणगीची कमान पेटते, ती विझत नाही आणि आयसोलेटर जळू शकतो. म्हणून आधी ब्रेकर उघडायचा, मग आयसोलेटर. लाइन पुन्हा सुरू करताना क्रम याच्या उलट.

आयसोलेटरच्या पलीकडच्या खांबाच्या डोक्यावर फुगीर भांडे आहे. एका बाजूने तार आत शिरते, दुसऱ्या बाजूने बाहेर पडते. इथे पहिल्यांदा दोन तारा दिसल्या. प्रवाह मोजायचा तर तो उपकरणातूनच जायला हवा, म्हणून करंट ट्रान्सफॉर्मर, म्हणजे सीटी, नेहमी वाटेत उभा असतो. दाब मोजणारा मात्र वाटेच्या कडेला उभा राहून नुसता स्पर्श करतो. एवढा एक फरक ध्यानात राहिला की निम्मे छायाचित्र उलगडते.

सीटीनंतर सर्किट ब्रेकर. त्यालाही दोनच तारा, पण त्यांची जागा निराळी: एक शेंड्याला आणि दुसरी कमरेला, जिथे खांबाचे दोन भाग जुळतात. वरच्या भागात एसएफ६ वायूत संपर्क जुळतात आणि तुटतात. खालचा भाग केवळ त्याला जमिनीपासून दूर धरतो. बुडाशी यंत्रणेचे कपाट असते. ४०० केव्हीला एका फेजसाठी असे दोन भाग जोडावे लागतात, म्हणून तिथला ब्रेकर इंग्रजी टी किंवा वाय अक्षरासारखा दिसतो. ब्रेकर उघडा आहे की बंद, हे कपाटावरच्या खुणेखेरीज बाहेरून कळत नाही. त्यापुढे दुसरा आयसोलेटर आणि मग आडव्या जाड तारांचा किंवा नळ्यांचा बसबार.

बसबारपासून ट्रान्सफॉर्मरकडे जाणाऱ्या वाटेवर हीच मंडळी पुन्हा भेटतात. ट्रान्सफॉर्मर, सरकारी मराठीत रोहित्र, चुकणे कठीण. खडीच्या अंगणातली मोठी लोखंडी टाकी, कडेला पंखांसारखे रेडिएटर, वर आडवे पिंप. टाकीवरचे झालरीचे शिंगाडे म्हणजे बुशिंग. उंच तीन बुशिंग १३२ केव्हीची बाजू दाखवतात आणि बुटकी ३३ ची. वरचे पिंप म्हणजे कॉन्झर्व्हेटर. तेल तापून फुगते तेव्हा त्यात चढते, निवले की उतरते. टाकी आणि पिंप यांच्यामधल्या नळीत एक लहान भांडे दिसते. ती बुखोल्झ रिले, माक्स बुखोल्झ या जर्मन अभियंत्याच्या नावाची. आत काही जळू लागले तर तेलातून निघालेला वायू तिथे साठतो आणि इशारा मिळतो. पिंपातून खाली आलेल्या बारीक नळीच्या टोकाला काचेचे भांडे असते. त्यातले सिलिका जेल निळे असेल तर कोरडे, गुलाबी झालेले असेल तर ओलावा शोषून थकलेले. छायाचित्र स्पष्ट असेल तर देखभालीची ही खूणही वाचता येते. मात्र नव्या प्रकारचे जेल नारिंगीवरून हिरवे होते, त्यामुळे रंग पाहण्याआधी प्रकार माहीत असावा लागतो.

गल्लीतली डीपी ही याच कुटुंबाची छोटी आवृत्ती. नाव पडले दोन खांबांवरून, डबल पोलवरून. बोलण्यात मात्र ते सरसकट ट्रान्सफॉर्मरलाच चिकटले. सर्वांत वर तीन दांड्यांचा एबी स्विच आणि त्याचे कुलूप लावलेले हँडल खाली. मग तिरक्या बसवलेल्या तीन नळ्या, त्या डीओ फ्यूज. फ्यूज उडाला की नळी सुटून खाली लोंबकळते. तीनपैकी मधली लोंबत असेल तर मधल्या फेजचा पुरवठा गेला आहे, हे छायाचित्रावरूनही सांगता येते. बाजूला एक तारेचे बुटके खांब म्हणजे अरेस्टर. ट्रान्सफॉर्मरच्या एका बाजूला तीन बुशिंग, दुसरीकडे चार. तीनची बाजू ११ किंवा २२ केव्हीची, चारची घरगुती पुरवठ्याची, कारण तिथे तीन फेजसोबत न्यूट्रलही निघतो.

या पद्धतीला काही ठिकाणी मर्यादा पडतात. चिनी मातीऐवजी सिलिकॉन रबराचे अखंड रोधक आले आहेत. त्यांच्या झालरी पातळ आणि संख्येने खूप जास्त असतात. त्या चकत्या समजून मोजल्या तर १३२ ची लाइन ४०० ची वाटते. दुरून, मोठ्या लेन्सने घेतलेल्या छायाचित्रात मागची-पुढची उपकरणे एकमेकांना चिकटलेली दिसतात आणि कोणती तार कुणाची ते कळत नाही. अशा वेळी एका फेजची तार बोटाने सुरुवातीपासून शेवटपर्यंत फिरवून पाहणे एवढाच उपाय उरतो. आणि जागा टंचाईच्या शहरांतल्या जीआयएस उपकेंद्रांत ब्रेकर, आयसोलेटर, सीटी सगळेच वायूने भरलेल्या जाड नळ्यांत बंद असते. छायाचित्रात एका शेडमधल्या चकचकीत नळ्या तेवढ्या दिसतात.