घरी पाठविलेले मूल पुन्हा दाखल होईल काय? : पूर्वानुमान मांडताना

वॉर्डात फेरी घेताना डिस्चार्जच्या कागदावर सही करण्यापूर्वी प्रत्येक बालरोगतज्ज्ञाच्या मनात हा प्रश्न येऊन जातोच. त्याचे उत्तर अनुभवाऐवजी अंकांतून काढण्याचे प्रयत्न बरेच झाले. कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात २०१० साली प्रसिद्ध झालेला 'लेस' निर्देशांक त्यांपैकी सर्वपरिचित. रुग्णालयातील मुक्कामाचे दिवस, दाखल होताना तातडी होती की नाही, सहव्याधी आणि आधीच्या सहा महिन्यांतील तातडीच्या विभागातील भेटी, एवढ्या चार गोष्टींवरून तो ३० दिवसांतील मृत्यू वा अनपेक्षित पुनर्दाखल्याचा धोका सांगतो. ११ रुग्णालयांतील ४,८१२ रुग्ण त्यासाठी अभ्यासले गेले. त्याचा सी-निर्देशांक ०.६८४ आला. ०.५ म्हणजे नाणेफेक आणि १ म्हणजे अचूक भेद. तेव्हा हे यश मध्यमच म्हणावे लागेल. शिवाय तो प्रौढांसाठी बेतलेला आहे, हे आपण बालरोगवाल्यांनी विसरू नये.

मग आपणच आपले सूत्र का बनवू नये? समजा (पुढील आकडे केवळ समजुतीसाठी कल्पिलेले आहेत), एका बालरुग्ण विभागातील ८०० डिस्चार्ज आपण घेतले. त्यांपैकी ६४ मुले ३० दिवसांत अनपेक्षितपणे परतली. थॅलेसेमियाच्या ठरलेल्या रक्तासाठी आलेली मुले यातून आधीच वगळली. वय, वजन, अकाली जन्म, घराचे अंतर, मागील दाखले अशा २० बाबी तपासल्या, त्यांतील सात 'लक्षणीय' ठरल्या, आणि सी-निर्देशांक आला ०.७८. आनंद होणे स्वाभाविक आहे. परंतु येथेच थांबणे घातक.

संख्या ८०० दिसत असली तरी खरे भांडवल ६४ घटनांचेच आहे. २० बाबींमध्ये ते वाटले, तर प्रत्येकीच्या वाट्याला जेमतेम तीन घटना येतात. इतक्या तुटपुंज्या माहितीत सूत्र आजाराचे नियम शिकण्याऐवजी त्या ६४ मुलांचे योगायोग पाठ करते. अपेक्षित प्रश्नसंच घोकलेल्या विद्यार्थ्याला त्याच प्रश्नांवर भरघोस गुण मिळावेत, तसे हे ०.७८ आहे. यालाच ओव्हरफिटिंग म्हणतात.

ते मोजण्याची रीत म्हणजे बूटस्ट्रॅप. ८०० मुलांच्या चिठ्ठ्या मडक्यात टाकाव्यात; एक काढून नोंदवावी व परत टाकावी; असे ८०० वेळा करावे. काही मुले दोनदा-तीनदा येतील, सुमारे ३७ टक्के मुळीच येणार नाहीत. या नव्या संचावर सूत्र पुन्हा पहिल्यापासून बनवावे. पहिल्यापासून म्हणजे २० बाबींतून निवड करण्यासह! बहुतेकांची चूक येथेच होते. आधी निवडलेल्या सात बाबीच वापरल्या, तर निवडीत शिरलेला योगायोग मोजलाच जात नाही. मग ते सूत्र नव्या संचावर आणि मूळ ८०० मुलांवर, दोन्हीकडे तपासावे. दोहोंतील फरक म्हणजे फाजील आशावाद. संगणकाकरवी हे ५०० वेळा केल्यावर सरासरी फरक ०.०९ निघाला, तर आपला प्रामाणिक आकडा ०.६९ होय.

याच खटाटोपातून कॅलिब्रेशनचा उतारही मिळतो. सूत्राने सांगितलेले धोके प्रत्यक्षाशी जुळत असतील तर तो १ येतो. आपल्या उदाहरणात तो ०.६५ आला असे धरू. याचा अर्थ, सूत्राचे अंदाज दोन्ही टोकांना ताणलेले आहेत. ज्या मुलाला सूत्र ३० टक्के धोका सांगते, त्याचा धोका सरासरीकडे आकुंचित केल्यावर सुमारे २० टक्के उरतो. आईबापांना थांबवून ठेवायचे की नाही, हा निर्णय या फरकावर पालटू शकतो. सी-निर्देशांक मात्र याविषयी मौन पाळतो, कारण तो केवळ क्रम पाहतो.

संच यदृच्छेने दोन भागांत विभागून 'पडताळणी' केल्याचे पुष्कळ लेखांत आढळते. ६४ घटनांत ते म्हणजे आधीच तोकडे धोतर फाडून दोन करण्यासारखे आहे. त्याऐवजी सर्व मुलांवर बूटस्ट्रॅप करावा, आणि पुढील वर्षीची मुले वा दुसऱ्या गावचे रुग्णालय बाह्य पडताळणीसाठी घ्यावे.

हे सारे लेखात कसे मांडावे, याची २२ कलमी यादी म्हणजे २०१५ चे ट्रायपॉड निवेदन. २०२४ मध्ये यंत्रशिक्षणाचाही समावेश करून ती २७ कलमांची झाली. माझ्या मते आपल्या परिषदांतील शोधनिबंधांत तीन गोष्टी हटकून गाळलेल्या असतात. किती बाबी तपासून किती ठेवल्या. अपुऱ्या नोंदी असलेल्या मुलांचे काय केले. आणि स्थिरांकासह संपूर्ण सूत्र. स्थिरांक न छापलेल्या सूत्रातून दुसऱ्या डॉक्टरला एकाही मुलाचा धोका काढता येत नाही, मग त्याची पडताळणी तरी कोण करणार?

एक शंका ट्रायपॉड पाळूनही उरते. आपल्याकडून गेलेले मूल आजारी पडल्यावर पलीकडच्या रुग्णालयात दाखल झाले, तर आपल्या वहीत ते बरेच झाले! बूटस्ट्रॅपच्या मडक्यात ही चूक तशीच फिरत राहते. तिच्यासाठी ३१ व्या दिवशी घरी दूरध्वनी करण्यावाचून गत्यंतर नाही, आणि किती घरी संपर्क झाला नाही हेही लेखात लिहावे.