खुत्स्पा कोणाला म्हणावं?

जुलै 2011. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या शर्यतीत उतरलेल्या खासदार मिशेल बाकमन टीव्हीवर बराक ओबामांच्या खर्चिक कारभारावर तोंडसुख घेत होत्या. ओबामांच्या अंगात भलतीच 'चूट्स्पा' आहे, असं त्या म्हणाल्या आणि खर्चाचा मुद्दा राहिला बाजूला. दुसऱ्या दिवशी हसू झालं ते उच्चाराचं. रोमन लिपीत हा शब्द 'सीएच'ने सुरू होतो खरा, पण त्याचा उच्चार 'चीन'मधल्या 'च'चा नाही. तो घसा खरवडत येणारा 'ख' आहे, उर्दूतल्या 'ख़बर'सारखा. घशाला ते झेपत नसेल तर सरळ 'हुत्स्पा' म्हणावं, असं म्हणणारे अमेरिकन पुष्कळ आहेत. मधला 'त्स' मात्र मराठी माणसाला आयताच येतो. 'चमचा'तला 'च' म्हणजेच तो.

हा शब्द यिडिशमधून इंग्रजीत आला. यिडिश म्हणजे मध्य आणि पूर्व युरोपातल्या ज्यूंची भाषा. तिचा सांगाडा जर्मन, त्यात हिब्रू आणि स्लाव भाषांची भर, आणि लिपी हिब्रू. सगळे ज्यू यिडिश बोलत नसत. आपल्या कोकणातले बेने इस्राएल घरात मराठी बोलत आले, त्यांचा यिडिशशी काही संबंध नव्हता. 1881 ते 1924 या काळात रशिया, पोलंड, रुमानिया या भागांतून वीस लाखांहून अधिक ज्यू अमेरिकेत आले. त्यांतले कितीतरी न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडच्या चाळवजा इमारतींत दाटीवाटीने राहिले. तिथले शिवणकामाचे कारखाने, नाटकांचे थिएटर आणि पुढे रेडिओ-टीव्हीवरचे विनोदी कलाकार यांच्यामार्फत यिडिश शब्द इंग्रजीच्या तोंडी बसले.

पण येताना त्यांचा सूर बदलला. खुत्स्पाचंच बघा. मूळ हिब्रूत आणि यिडिशमध्ये ही शिवीच म्हणायची: उद्धटपणा, निलाजरेपणा. आईने मुलाला 'काय ही खुत्स्पा!' म्हटलं तर त्यात कौतुकाचा लवलेशही नसे. लिओ रॉस्टन यांच्या 1968च्या 'द जॉइज ऑफ यिडिश' या पुस्तकाने त्याची एक व्याख्या घरोघरी पोचवली. स्वतःच्या आईबापांचा खून करून, 'मी अनाथ आहे हो, दया करा' असं न्यायाधीशांना विनवणाऱ्या माणसाकडे असते ती खुत्स्पा. आपल्याकडे याला 'चोर तो चोर, वर शिरजोर' म्हणतील. मात्र या म्हणीत राग आहे, हसू नाही. खुत्स्पा म्हणणारा अमेरिकन एका डोळ्याने रागावतो आणि दुसऱ्याने म्हणतो, 'पण गड्याची छाती मानली!'

हे कौतुक अमेरिकेत वाढतच गेलं. 1991 साली प्रसिद्ध वकील ॲलन डर्शोविट्झ यांनी आपल्या पुस्तकाला 'खुत्स्पा' हेच नाव दिलं, आणि अमेरिकेतल्या ज्यूंना त्यांचा सल्ला असा की दबून राहू नका, तुमच्यात ती अजून कमीच आहे. आज तिथे नवा उद्योग काढणाऱ्याला 'तुझ्यात खुत्स्पा आहे' असं शाबासकीच्या सुरात म्हणतात. एखाद्या यिडिश बोलणाऱ्या आजीबाईंना मात्र ते खटकण्याची शक्यता दाट.

मग नेमका वापर कुठे? नुसतं धैर्य म्हणजे खुत्स्पा नव्हे. जळत्या घरात शिरून मुलाला बाहेर काढणारा जवान शूर असतो. पण ज्याच्या हातून ते घर पेटलं, त्यानेच त्या जवानाकडे 'माझा सोफा भिजवलात' म्हणून भरपाई मागितली तर ती खुत्स्पा. मर्यादा ओलांडलेली हवी, शरम नसायला हवी, आणि बघणाऱ्याचा 'आ' वासायला हवा. शिवाय हे नाम आहे, त्याचं क्रियापद होत नाही. खुत्स्पा 'असते' किंवा कुणी ती 'दाखवतो'.

अमेरिकन न्यायाधीशांना तर हा शब्द फारच भावला. 1972 साली जॉर्जिया राज्याच्या अपील न्यायालयापुढे एक खटला आला. चोरांनी बंदुका पळवल्या होत्या, त्याही थेट शेरीफच्या कचेरीत घुसून. निकालपत्रात या करामतीला खुत्स्पा म्हटलं गेलं. पुढे 1993मध्ये ॲलेक्स कोझिन्स्की आणि यूजीन व्होलोख या दोघांनी 'येल लॉ जर्नल'मध्ये निकालपत्रांतल्या यिडिशवर लेखच लिहिला. त्याचं नाव 'लॉसूट, श्मॉसूट'. ही 'श्म'ची गंमतही यिडिशचीच. आपण 'चहाबिहा' म्हणतो तेव्हा चहाबरोबर आणखी काहीबाही येतं. 'श्म' लावला की मात्र पहिली गोष्टच उडवून लावली जाते: खटला? कसला डोंबलाचा खटला! 1998 साली न्यायमूर्ती अँटोनिन स्कालिया यांच्या लेखणीतून खुत्स्पा सर्वोच्च न्यायालयाच्या निकालातही पोचली.

'श्लेप'चा स्वभाव निराळा. मूळ यिडिश क्रियापदाचा अर्थ ओढणं, फरफटणं. इंग्रजीत तुम्ही सामान श्लेप करता, पोरांना श्लेप करता किंवा स्वतःच शहराच्या दुसऱ्या टोकाला श्लेप करता. नाम म्हणूनही तो चालतो: 'विमानतळ म्हणजे नुसता श्लेप आहे.' या शब्दात वजनापेक्षा किंवा अंतरापेक्षा कंटाळा मोजला जातो. हौसेने पाठीवर पिशवी टाकून गड चढणारा श्लेप करत नाही. तीच पिशवी भर दुपारी दोनदा बस बदलून सासुरवाडीला पोचवणारा करतो. मराठीतला 'हेलपाटा' त्याच्या फार जवळ येतो, पण हेलपाटा बहुधा वाया गेलेला असतो. श्लेपचं काम होऊनही जाईल, कुरकुर तेवढी अटळ.

म्हणूनच 2008च्या निवडणुकीत विनोदी अभिनेत्री सारा सिल्व्हरमन यांच्या मोहिमेला 'द ग्रेट श्लेप' हे नाव चपखल बसलं. ज्यू नातवंडांनी फ्लोरिडात राहणाऱ्या आजी-आजोबांकडे जावं आणि त्यांना ओबामांना मत द्यायला पटवावं, अशी ती कल्पना. लांबचा प्रवास, उकाडा, आजीचा आग्रह, सगळं त्या एका शब्दात आलं. 2012 साली संगणकक्षेत्रातले पॉल ग्रॅहम यांनी 'श्लेप ब्लाइंडनेस' नावाचा निबंध लिहिला. किचकट, रटाळ कामाकडे हुशार प्रोग्रामरांची नजरच जात नाही, हा त्याचा विषय. इंटरनेटवर पैसे स्वीकारणं ही डोकेदुखी हजारोंना माहीत होती, पण बँकांशी झटण्याचा श्लेप 'स्ट्राइप' कंपनीच्या संस्थापकांनी अंगावर घेतला, हे त्यांचं उदाहरण.

या दोन्ही शब्दांत चूक झाली तर फार तर हसू होतं. 'श्मक'च्या बाबतीत जपून. इंग्रजीत तो 'मूर्ख', 'नालायक' एवढ्यावर भागतो आणि कार्यालयातही सहज ऐकू येतो. यिडिशमध्ये मात्र तो पुरुषाच्या अवयवाचा असभ्य शब्द आहे. 1962 साली लॉस एंजेलिसमध्ये विनोदी कलाकार लेनी ब्रूस यांना अश्लीलतेच्या आरोपाखाली अटक झाली, तेव्हा तक्रारीत या शब्दाचाही समावेश होता. आपल्याकडचं 'च्यायला' मित्रांत खपतं आणि मोठ्यांसमोर जीभ चावायला लावतं, तशीच ही गोष्ट. चारचौघांत 'श्मो' म्हणावं. ते त्याचं सोवळं रूप.

लिहिण्याचा घोळ मात्र सुटण्यासारखा नाही. लिपी हिब्रू असल्याने रोमनमध्ये कुणी जर्मन वळणाने 'एस-सी-एच' लिहितात, कुणी नुसतं 'एस-एच'. 2013 साली अमेरिकेच्या राष्ट्रीय स्पेलिंग स्पर्धेत न्यूयॉर्कच्या एका 13 वर्षांच्या भारतीय वंशाच्या मुलाने 'नेडल' या सुपातल्या गोळ्याचं यिडिश नाव अचूक लिहून अजिंक्यपद पटकावलं. 1925 साली स्थापन झालेल्या यिवो या यिडिश संशोधन संस्थेच्या प्रमाण लेखनानुसार त्याचं स्पेलिंग वेगळं होतं. परीक्षकांनी इंग्रजी शब्दकोशच प्रमाण मानला.